अकाउंट्सची उजळणी : आज वाचन, उद्या घड्याळ लावून गणित (28 दिवसांच्या नोंदी)

3 जानेवारी

परीक्षेला 28 दिवस आहेत. पेपर तीन तासांचा आणि 80 गुणांचा. शेवटची पंधरा मिनिटं तपासायला ठेवली तर 165 मिनिटं उरतात, म्हणजे एका गुणाला साधारण दोन मिनिटं. दहा गुणांच्या गणिताला वीस मिनिटं मिळतील. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.

विषय सहा घेतले : अंतिम लेखे, भागीदाराचा प्रवेश, निवृत्ती व मृत्यू, विसर्जन, भागांचे म्हणजे शेअर्सचे लेखे आणि विपत्रे. अकाउंट्ससाठी रोज अडीच तास. ठरवलं असं की पहिले दहा दिवस सगळी थिअरी वाचायची, मग उरलेले दिवस गणितं. कारण एवढंच की थिअरी पक्की झाल्यावर गणितं पटापट सुटतील असं वाटतंय. दोन वह्या केल्या आहेत, एक गणितांची आणि एक चुकांची.

7 जानेवारी

अंतिम लेखे आणि भागीदाराचा प्रवेश वाचून झाला. ख्याती म्हणजे काय, ती मोजायच्या पद्धती, पुनर्मूल्यन कशासाठी, राखीव निधी जुन्याच भागीदारांचा का. वाचलेलं सगळं पटलं, खुणाही भरपूर केल्या. दहा तास गेले. गणित अजून एकही केलेलं नाही.

8 जानेवारी

प्रवेशाचं एक गणित सहज सोडवून बघावं म्हणून घड्याळ लावून बसले. वीस मिनिटांत सुटायला हवं होतं, लागली 61 मिनिटं. गणित पूर्ण उतरवते, कारण पुढच्या बऱ्याच नोंदी याच्याच भोवती आहेत.

अ आणि ब नफा-तोटा 3:2 प्रमाणात वाटतात. ताळेबंदाच्या देयता बाजूला धनको 40,000, सामान्य राखीव निधी 20,000, अ चे भांडवल 90,000 आणि ब चे 60,000. मालमत्ता बाजूला बँक 25,000, ऋणको 40,000 वजा संशयित कर्ज निधी 1,000 म्हणजे 39,000, माल 36,000, यंत्र 50,000, इमारत 60,000. दोन्ही बाजूंची बेरीज 2,10,000.

क ला 1/5 हिस्सा द्यायचा. तो भांडवल 50,000 आणि ख्याती 15,000 बँकेत भरतो, आणि ख्यातीची रक्कम धंद्यातच ठेवायची. इमारत 20 टक्क्यांनी वाढवायची, यंत्र 10 टक्क्यांनी कमी करायचं. संशयित कर्ज निधी ऋणकोंच्या 5 टक्के ठेवायचा. दुरुस्तीचं 2,000 चं बिल द्यायचं राहिलं आहे, ते नोंदवायचं.

मी पुनर्मूल्यन खात्यात इमारतीची वाढ 12,000 जमेला धरली. नावे बाजूला यंत्र 5,000, निधी 2,000 आणि बिल 2,000. नफा आला 3,000. तो वाटला, भांडवल खाती बंद केली, ताळेबंद मांडला. देयता 2,80,000 आणि मालमत्ता 2,81,000.

मग हजाराचा शोध सुरू झाला. सगळ्या बेरजा पुन्हा केल्या, भांडवल खाती पुन्हा लिहिली, बँकेची शिल्लक तीन वेळा काढली. चूक सापडली ती निधीत. 40,000 चे 5 टक्के 2,000 बरोबर आहेत, पण 1,000 आधीच होते. नव्याने फक्त 1,000 काढायचे. शब्द "ठेवायचा" आहे, "आणखी काढायचा" नाही. खरा नफा 4,000 आहे.

वेळेचा हिशेब गणित करतानाच समासात टिपत होते : वाचायला 4 मिनिटं, तिन्ही खाती मांडायला 31, फरक शोधायला 26. सगळ्यात जास्त वाया गेलेला वेळ आकडेमोडीचा नाही, शोधाशोधीचा आहे. संशयित कर्ज निधीवरची दोन पानं मी तीनच दिवसांपूर्वी वाचली होती, खूणही केली होती. तरी लिहिताना हाताने 2,000 च लिहिलं.

9 जानेवारी

जुनी योजना मोडली. दहा दिवस सलग थिअरी वाचली असती तर ही चूक अकराव्या दिवशी कळली असती आणि तोवर सगळ्याच विषयांत अशा चुका साठल्या असत्या. आजपासून अडीच तासांचे दोन भाग केले. आधी एक तास एका विषयाची थिअरी, मग दीड तास त्याच विषयाची गणितं, घड्याळ लावून.

फरक शोधण्यासाठी तीन मिनिटांची मर्यादा घातली आणि शोधायची पद्धतही ठरवली. अंदाधुंद पुन्हा बेरजा करायच्या नाहीत. फरकाच्या आकड्याला तीन प्रश्न विचारायचे.

पहिला : हाच आकडा गणितात कुठे आहे का? असला तर ती रक्कम एका बाजूला घेतली आणि दुसरीकडे घ्यायची राहिली असण्याचा संभव मोठा. कालचा फरक 1,000 चा होता आणि गणितात 1,000 एकाच ठिकाणी आहे, जुन्या निधीत. हा प्रश्न विचारला असता तर 26 मिनिटांचं काम एका मिनिटात झालं असतं.

दुसरा : फरकाचा निम्मा आकडा गणितात आहे का? एखादी रक्कम नावेऐवजी जमेला गेली की फरक दुप्पट पडतो. दुरुस्तीचं 2,000 चं बिल पुनर्मूल्यनाच्या जमा बाजूला लिहिलं तर नफा 4,000 ऐवजी 8,000 येतो, फरक 4,000.

तिसरा : फरकाला नवाने पूर्ण भाग जातो का? गेला तर शेजारचे दोन अंक उलटे लिहिले गेले असावेत. 75,600 चे 76,500 झाले की फरक 900. नवाने भाग जाणं हा पुरावा नव्हे, पण कुठे बघायचं ते कळतं.

तिन्हींत काही सापडलं नाही तर गणित तिथेच सोडून पुढे जायचं. पेपरातही हेच करायचं आहे, म्हणून सवय आत्तापासून.

11 जानेवारी

तीन दिवस नव्या पद्धतीने गेले. वेळ झपाट्याने सुधारला. प्रवेशाची गणितं 27, 24 आणि 21 मिनिटांत झाली, तिन्ही जुळली.

मग संध्याकाळी निवृत्तीची थिअरी चाळत असताना मध्येच, बदल म्हणून, प्रवेशाचं आणखी एक गणित घेतलं. लागली 38 मिनिटं, आणि ख्यातीची नोंदच राहून गेली. सकाळचे आकडे फसवे होते. थिअरी वाचून लगेच त्याच विषयाचं गणित करते तेव्हा पद्धत डोळ्यांसमोर असते, मी फक्त आकडे भरते. कुठलं खातं नावे करायचं हा निर्णय मी घेतच नाही, तो पुस्तकाने पाच मिनिटांपूर्वी घेतलेला असतो. परीक्षेत गणिताच्या आधी कोणी थिअरी वाचून दाखवणार नाही.

तीन दिवस पूर्ण वाया गेले असं म्हणणार नाही, पण त्या तीन दिवसांच्या वेळेच्या नोंदींवर मी आडवी रेघ मारली.

12 जानेवारी

आता मांडणी अशी. आज ज्या विषयाची थिअरी वाचायची त्याचं गणित उद्या करायचं, वही-पुस्तक बंद ठेवून. आजचं गणित कालच्या थिअरीचं. बसल्यावर सगळ्यात आधी गणित, त्यानंतर थिअरी, कारण थिअरीने डोकं भरलेलं असताना घड्याळाचा आकडा खरा येत नाही.

थिअरी वाचायची रीतही बदलली. व्याख्या घोकत बसत नाही. प्रत्येक परिच्छेदाशेजारी पेन्सिलीने एकच गोष्ट लिहिते : यामुळे कुठली नोंद बदलते? राखीव निधीच्या परिच्छेदाशेजारी "निधी नावे, जुने भागीदार जमा, जुनं प्रमाण". ज्या परिच्छेदाने कुठलीच नोंद बदलत नाही तो एकदाच वाचून सोडून द्यायचा. तासाभराचं वाचन चाळीस मिनिटांत व्हायला लागलं.

13 जानेवारी

कालची थिअरी प्रवेशाचीच होती, म्हणून आज जर्नल नोंदी. 8 तारखेचंच गणित घेतलं, पण खाती न मांडता फक्त नोंदी लिहिल्या. सुरुवातीला मी प्रत्येक मालमत्तेची वेगळी नोंद करत होते, त्या नऊ झाल्या आणि वेळ गेला. एकत्र केल्यावर सहा पुरतात.

बँक खाते … नावे 65,000
— क चे भांडवल खात्याला 50,000
— ख्याती खात्याला 15,000

ख्याती खाते … नावे 15,000
— अ चे भांडवल खात्याला 9,000
— ब चे भांडवल खात्याला 6,000

सामान्य राखीव निधी खाते … नावे 20,000
— अ चे भांडवल खात्याला 12,000
— ब चे भांडवल खात्याला 8,000

पुनर्मूल्यन खाते … नावे 8,000
— यंत्र खात्याला 5,000
— संशयित कर्ज निधी खात्याला 1,000
— देणे दुरुस्ती बिल खात्याला 2,000

इमारत खाते … नावे 12,000
— पुनर्मूल्यन खात्याला 12,000

पुनर्मूल्यन खाते … नावे 4,000
— अ चे भांडवल खात्याला 2,400
— ब चे भांडवल खात्याला 1,600

स्पष्टीकरणं मी शेवटी एकदम लिहायला ठेवली होती, वेळ वाचेल म्हणून. उलट झालं. प्रत्येक नोंदीकडे परत जाऊन ती कशाची हे पुन्हा वाचावं लागलं आणि पाच मिनिटं त्यातच गेली. शिवाय दोन स्पष्टीकरणांत "रक्कम वाटली" एवढंच लिहिलं, कुठल्या प्रमाणात ते राहिलं. नोंद लिहिली की लगेच खाली एक ओळ, प्रमाणासकट, असं ठरवलं. दुसऱ्यांदा लिहिल्या तेव्हा सहाही नोंदी स्पष्टीकरणासह 12 मिनिटांत झाल्या.

15 जानेवारी

आज सगळ्यात महत्त्वाचं काही कळलं असेल तर ते हे.

आठवडा झाला म्हणून तेच गणित पुन्हा, पूर्ण, कोऱ्या कागदावर केलं. 19 मिनिटं. ताळेबंद दोन्ही बाजूंना 2,81,000 असा जुळला. बरोबरची खूण करून कागद मैत्रिणीकडे दिला. आम्ही एकमेकींचे कागद तपासायचं ठरवलं आहे. तिने दोन मिनिटांत परत दिला.

"अगं, क ला राखीव निधी कशाला दिलास?"

"जुळलंय की पण."

"जुळणारच. तू वीस हजारच वाटलेस, फक्त भलत्यांना वाटलेस."

झालं असं. काल नवं प्रमाण काढायची थिअरी वाचली होती. क चा 1/5 काढल्यावर उरलेल्या 4/5 चे 3:2 प्रमाणात भाग केले की प्रमाण 12:8:5 येतं. ते मी कच्च्या कामात पहिल्यांदा काढलं आणि मग राखीव निधीही त्याच प्रमाणात वाटला : 9,600, 6,400 आणि 4,000. क आज आला, निधी काल जमलेला. त्यात त्याचा काही संबंध नाही.

आणि ताळेबंद? तिन्ही भांडवलांची बेरीज आधीही 2,39,000 होती, चुकल्यावरही 2,39,000 च. वाटपाची चूक बेरजेत कधीच दिसत नाही. मी आठवडाभर "जुळलं म्हणजे बरोबर" असं धरून चालले होते, म्हणजे आधीच्या जुळलेल्या गणितांचा भरवसा उरला नाही. ती सगळी पुन्हा तपासली. सातपैकी दोनांत वाटप चुकलेलं निघालं. एकात तर संशयित कर्ज निधीची 8 तारखेचीच चूक होती, पण दोन्ही ठिकाणी. पुनर्मूल्यनात नवा निधी पूर्ण घेतला होता आणि ताळेबंदात ऋणकोंतून जुना आणि नवा दोन्ही वजा केले होते. त्यामुळे दोन्ही बाजू सारख्याच कमी झाल्या आणि बेरीज जुळली.

या शोधात अडीच तास गेले, दिवसाची ठरलेली थिअरी राहिली.

16 जानेवारी

कालच्या चुकीवर उपाय म्हणून कच्च्या कामाची जागा बदलली. खाती मांडायच्या आधी पानाच्या उजव्या कडेला तीनही प्रमाणं लिहायची, आणि प्रत्येकाशेजारी ते कशासाठी वापरायचं ते.

जुनं 3:2 — आजपर्यंतचं सगळं (निधी, पुनर्मूल्यन)
त्याग 3:2 — ख्याती
नवं 12:8:5 — उद्यापासूनचा नफा

याला तीन मिनिटं लागतात. सुरुवातीला ही तीन मिनिटं जड वाटली, पण मांडणीचा वेळ तेवढ्याने कमी होतो, कारण मध्येच थांबून विचार करावा लागत नाही.

ताळेबंदाव्यतिरिक्त आणखी दोन तपासण्या लावल्या. एक, नव्या भागीदाराच्या भांडवल खात्याची शेवटची शिल्लक त्याने आणलेल्या भांडवलाएवढीच असायला हवी. काल ती 54,000 दिसत होती, मी बघितलीच नाही. दोन, त्यागाचं प्रमाण जुन्यासारखंच असेल तर जुन्या भागीदारांच्या भांडवलात पडलेली एकूण भरही जुन्याच प्रमाणात असायला हवी. बरोबर उत्तरात अ चं भांडवल 1,13,400, म्हणजे भर 23,400. ब चं 75,600, म्हणजे भर 15,600. प्रमाण 3:2. काल अ ची भर 21,000 आणि ब ची 14,000 होती. तेही 3:2 च! म्हणजे दुसऱ्या तपासणीने कालची चूक पकडली नसती, पहिलीनेच पकडली असती. दोन्ही कराव्या लागतात.

17–18 जानेवारी

दोन दिवस एकाच गणिताची एकेक अट बदलून केली. नवी गणितं शोधण्यापेक्षा हे जास्त उपयोगाचं ठरलं. आकडे पाठ झालेले असल्यामुळे लक्ष फक्त बदललेल्या नोंदीवर राहतं. थिअरी आणि गणित यांतली दरी इथेच बुजते असं माझं मत झालं आहे.

पहिला बदल : क ला 1/5 हिस्साच, पण नवं प्रमाण 5:3:2 असं गणितातच दिलेलं. मी सवयीने ख्याती 9,000 आणि 6,000 अशी वाटली. चूक. अ ने 3/5 मधून 5/10 वर येताना 1/10 सोडलं. ब ने 2/5 मधून 3/10 वर येताना 1/10 च सोडलं. त्याग 1:1, ख्याती 7,500 प्रत्येकी. अ चं भांडवल 1,11,900 आणि ब चं 77,100. ताळेबंद याही वेळी चुकलेल्या उत्तरातसुद्धा जुळला होता. आदल्या दिवशी थिअरीत "ज्याने जेवढं सोडलं त्याला तेवढी भरपाई" हे वाक्य वाचलं होतं, पण ते खरं समजलं ते इथे. नवं प्रमाण दिलेलं असलं की त्याग वजाबाकी करूनच काढायचा, गृहीत धरायचा नाही.

दुसरा बदल : क ख्यातीची रक्कम आणूच शकत नाही. आता बँकेत फक्त 50,000 येतात. ख्यातीची नोंद क च्या भांडवल खात्याला 15,000 नावे, अ ला 9,000 आणि ब ला 6,000 जमा अशी होते. क ची शिल्लक 35,000, ताळेबंद 2,66,000. माझी पहिली तपासणी (आणलेल्या भांडवलाएवढी शिल्लक) इथे लागू होत नाही, हे तिच्याशेजारी लिहून ठेवलं.

तिसरा बदल : जुन्या भागीदारांनी ख्यातीची निम्मी रक्कम काढून घेतली. एक नोंद वाढते, अ 4,500 आणि ब 3,000 नावे, बँक 7,500 जमा. यात काही अडलं नाही.

20 जानेवारी

काल भागांच्या जप्तीची थिअरी, आज गणित. हा विषय पूर्ण नोंदींचाच आहे, म्हणून घड्याळाला जास्त टोचतो.

10 दर्शनी किमतीचे 100 भाग, 3 ची अंतिम मागणी न भरल्यामुळे जप्त. भाग भांडवल खाते नावे 1,000, अंतिम मागणी खात्याला 300, भाग जप्ती खात्याला 700. पुढे त्यातले 60 भाग 8 ला पूर्ण भरलेले म्हणून पुन्हा दिले. बँक नावे 480, भाग जप्ती नावे 120, भाग भांडवल खात्याला 600. इथवर ठीक.

भांडवली राखीव निधीत किती न्यायचे यात मी 700 वजा 120 असे 580 लिहिले. चूक. पुन्हा दिले ते 60 च भाग, तेव्हा जप्तीतली रक्कमही 60 भागांचीच धरायची : 420 वजा 120, म्हणजे 300. उरलेल्या 40 भागांचे 280 जप्ती खात्यातच राहतात, ते भाग पुन्हा दिले जाईपर्यंत.

थिअरीत हा नियम मी वाचला होता आणि तिथे पेन्सिलीने "सर्व भाग पुन्हा दिले नसतील तर" असं लिहिलंही होतं. पुढची अर्धी ओळ, म्हणजे काय करायचं, लिहिलीच नव्हती. आता समासातली प्रत्येक टीप नोंदीच्या रूपातच लिहायची, अर्धवट इशारा नको.

21 जानेवारी

चुकांची वही उघडून मोजलं. आतापर्यंत 31 चुका लिहिल्या आहेत. मी त्या विषयवार लिहीत होते, आज कारणवार लावून पाहिल्या. शब्द नीट न वाचल्याच्या 11 ("ठेवायचा", "पर्यंत", "ने वाढवायचा"). चुकीचं प्रमाण वापरल्याच्या 8. एक बाजू राहिल्याच्या 7. नुसत्या बेरजेच्या 5.

बेरजेच्या चुका सगळ्यात कमी आणि मी सराव मात्र आकडेमोडीचाच करत होते. गणित वाचताना पेन हातात घेऊन प्रत्येक समायोजनाखाली ते किती ठिकाणी जातं तो आकडा लिहायला लागले. साधारणपणे दोन. ताळेबंद मांडून झाला की तेवढ्या टिक झाल्या का ते बघायचं.

24 जानेवारी

विसर्जन आणि विपत्रे झाली, तीच पद्धत. सांगण्यासारखं एकच : विसर्जनात मी बँक आणि रोखही वसुली खात्याला नेत होते. त्यांची वसुली करायची नसते, ती थेट बँक खात्याची सुरुवातीची शिल्लक. एक गणित यापायी पूर्ण पुसावं लागलं.

26 जानेवारी

तीन तासांचा पूर्ण पेपर, मध्ये न उठता. आजवरचे वेळ सुट्या गणितांचे होते, सलग बसल्यावर ते टिकत नाहीत. पहिली दोन गणितं 20 आणि 22 मिनिटांत. चौथं, अंतिम लेख्यांचं, 24 मिनिटांचं असताना 37 गेली, कारण मी मर्यादा मोडून फरक शोधत बसले. परिणाम असा की थिअरीच्या शेवटच्या दोन प्रश्नांना सात मिनिटंच राहिली. ती उत्तरं येत होती, लिहायला वेळ नव्हता.

मैत्रिणीने 80 पैकी 59 दिले. ज्या फरकासाठी तेरा मिनिटं घालवली त्याचे तिने दोनच गुण कापले असते. अपुऱ्या थिअरीचे आठ गेले.

28 जानेवारी

दुसरा पूर्ण पेपर. क्रम बदलला : थिअरी आणि वस्तुनिष्ठ प्रश्न आधी, मग भागांच्या नोंदी, मग भागीदारी, अंतिम लेखे शेवटी. प्रत्येक गणिताच्या सुरुवातीला कोपऱ्यात संपवायची वेळ लिहिली. ती वेळ झाली की फरक राहिला तरी पान उलटायचं.

एक गणित 600 च्या फरकाने तसंच सोडलं. शेवटच्या पंधरा मिनिटांत परत गेले तेव्हा दुसरा प्रश्न विचारला : निम्मा किती? 300. देणे व्याज 300 होते, ते मी वजा करून बसले होते. दोन मिनिटांत दुरुस्त झालं. एकूण 71 गुण.

29 जानेवारी

आज घड्याळ नाही. चुकांच्या वहीतली प्रमाणांची आठ पानं वाचली, तीन प्रश्न आणि दोन तपासण्या एका कागदावर उतरवल्या. निवृत्तीत ख्याती लाभाच्या प्रमाणात नावे होते आणि प्रवेशात त्यागाच्या प्रमाणात जमा होते, ही दोन गणितं शेजारी शेजारी ठेवून नोंदी एकदा लिहिल्या. आठ मिनिटं लागली. भागांच्या जप्तीत अधिमूल्य आलं की अजूनही अडते, तेवढं एक गणित उद्या सकाळी करायचं राहिलं आहे.